खो-खो प्रशिक्षणाच्या व्हिडिओचा मेटाडेटा कसा लिहावा: १४ वर्षांखालील मुलींच्या सरावाचे एक उदाहरण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत खो-खो शिकवणारे अनेक शिक्षक आता सरावाचे व्हिडिओ मोबाईलवर चित्रित करून यूट्यूबवर ठेवतात आणि त्यांची लिंक तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटात पाठवतात. व्हिडिओ चांगला असतो, पण त्याचे शीर्षक ‘खो खो सराव भाग ३’ एवढेच असते आणि खालची वर्णनाची जागा रिकामी असते. अशा व्हिडिओत कोणता सराव आहे, तो कोणत्या वयासाठी आहे आणि त्यात कोणते नियम धरले आहेत, हे संपूर्ण व्हिडिओ पाहिल्याशिवाय कळत नाही. सातपुड्याच्या कुशीतल्या एखाद्या शाळेतील शिक्षकाला, जिथे नेटवर्क धड मिळत नाही, तिथे सहा-सात मिनिटांचा व्हिडिओ केवळ ‘आपल्या कामाचा आहे का’ हे ठरवण्यासाठी पाहणे परवडत नाही.

व्हिडिओच्या सोबत जाणारी ही सर्व लिखित माहिती, म्हणजे शीर्षक, वर्णन, वेळनिहाय विभाग, टॅग आणि प्रेक्षकांविषयीची निवड, यांना एकत्रितपणे मेटाडेटा म्हणतात. या लेखात तो एका काल्पनिक, पण नेहमी आढळणाऱ्या उदाहरणावर लिहून दाखवला आहे. अमळनेर तालुक्यातील एका शाळेच्या क्रीडाशिक्षिकेने ६ मिनिटे ४० सेकंदांचा व्हिडिओ तयार केला आहे, असे समजू. त्यात १४ वर्षांखालील मुली चौरसात बसणे, खो देणे, खो मिळाल्यावर दिशा घेणे आणि खांबाला वळणे हे चार सराव करताना दिसतात.

पहिली पायरी: यूट्यूब उघडण्यापूर्वी कागदावर टिपण

मेटाडेटा थेट मोबाईलच्या पडद्यावर लिहायला बसू नये. आधी व्हिडिओ एकदा सलग पाहावा आणि प्रत्येक सराव कोणत्या वेळी सुरू होतो, त्यात किती खेळाडू आहेत, कोणते साहित्य वापरले आहे आणि खेळाडूंनी नेमकी कोणती कृती केली आहे, हे कागदावर उतरवावे.

सरावाचे नाव लिहिताना पहिली अडचण येते. प्रत्येक मैदानावर सरावांना स्वतःची टोपणनावे असतात. ‘गाडी’, ‘साप’, ‘आठचा फेरा’ असे काही म्हटले की त्या शाळेतील मुलींना लगेच समजते, परंतु शहाद्याच्या किंवा रावेरच्या शिक्षकाला त्यातून काहीच बोध होत नाही. म्हणून नाव कृतीवरून द्यावे आणि टोपणनाव हवेच असेल तर ते वर्णनात एकदा नोंदवावे. नावात तीन गोष्टी याव्यात: कृती कोणती, किती खेळाडूंनी आणि कोणत्या जागेत. ‘चालत खो देणे, ८ बसलेल्या खेळाडू, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत’ हे नाव लांब आहे खरे, पण ते वाचून दुसरा शिक्षक सराव उभा करू शकतो.

हा सराव नेमका काय आहे ते येथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याचे वर्णन करताना नवखे लेखक हमखास एक गोष्ट गाळतात. खो-खोत दोन खांबांच्या मधल्या पाटीवरील आठ चौरसांत बसलेल्या खेळाडूंची तोंडे आलटून-पालटून विरुद्ध बाजूंना असतात, आणि खो नेहमी पाठीमागून द्यायचा असतो. त्यामुळे पहिलीला खो मिळाला की ती ज्या बाजूला तोंड करून बसली होती त्या बाजूला उठते आणि तिथून दुसरीची पाठ तिच्यासमोर येते. दुसरी उठते ती उलट्या बाजूला. अशा रीतीने खो नागमोडी वाटेने शेवटच्या चौरसापर्यंत जातो. ‘सर्वांचे तोंड आलटून-पालटून’ एवढे चार शब्द वर्णनातून राहून गेले तर वाचणारा सर्व मुलींना एकाच बाजूला तोंड करून बसवेल आणि सराव पहिल्याच खोला अडेल.

टिपणात मैदानाविषयीही एक ओळ असावी. आपल्याकडील काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मैदान मुरमाचे होते की काळ्या मातीवर पाणी मारून दाबलेले होते, चौरस चुन्याने आखले होते की दोरीने, आणि मैदान प्रमाणित मापाचे होते की शाळेच्या जागेप्रमाणे लहान केले होते, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. लहान मैदान असेल तर दोन चौरसांतील अंतर टेपने मोजून लिहावे, अंदाजाने लिहू नये.

दुसरी पायरी: वयोगट आकड्यात लिहिणे

माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महाग पडणारी जागा हीच आहे. ‘किशोरी गट’ असे लिहिले की लिहिणाऱ्याला वाटते आपण वयोगट सांगितला. प्रत्यक्षात संघटनांच्या स्पर्धांत खो-खोतील किशोर-किशोरी गट १४ वर्षांखालील असतो, तर कबड्डीत तोच शब्द १६ वर्षांखालील आणि ठरावीक वजनाच्या आतील खेळाडूंसाठी वापरला जातो. कुमार गटाचेही तसेच आहे. खो-खोत तो १८ वर्षांखालील आणि कबड्डीत २० वर्षांखालील. शालेय स्पर्धांची विभागणी आणखी वेगळी असून ती १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशी असते. एकाच शाळेत दोन्ही खेळ एकच शिक्षक शिकवतो, तेव्हा ‘किशोर गटाचा सराव’ असे शीर्षक वाचून तो कबड्डीच्या सवयीने सोळा वर्षांच्या मुलांना समोर उभे करतो आणि सराव त्यांना फारच सोपा पडतो.

म्हणून शीर्षकात ‘१४ वर्षांखालील मुली’ असे आकड्यात लिहावे आणि ‘किशोरी गट, खो-खो’ हा उल्लेख वर्णनात एकदा करावा, म्हणजे तो शब्द शोधणाऱ्यांनाही व्हिडिओ सापडेल. वय कोणत्या तारखेला मोजायचे हे स्पर्धेच्या परिपत्रकात दिलेले असते. ते व्हिडिओच्या वर्णनात लिहू नये, कारण दरवर्षी तो मजकूर जुना होईल आणि सरावाशी त्याचा संबंधही नाही.

वयोगट आणि सरावाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्यावे. बारा वर्षांची मुलगी तीन वर्षांपासून खेळत असू शकते आणि सोळा वर्षांची मुलगी आजच पहिल्यांदा चौरसात बसत असू शकते. आपल्या उदाहरणातील व्हिडिओ वयाने १४ वर्षांखालील गटाचा आणि पातळीने अगदी प्राथमिक आहे. त्यामुळे वर्णनात ‘पातळी: नवीन खेळाडू, चौरसात बसणे आणि खो देणे यापूर्वी शिकवलेले नाही असे धरले आहे’ असे एक स्वतंत्र वाक्य हवे. त्याला जोडूनच व्हिडिओत काय नाही हेही सांगावे. खांबावर सूर मारणे हे खो-खोतील सर्वांना आकर्षित करणारे कौशल्य आहे, आणि ‘खांब’ हा शब्द वाचून अनेकजण तेच पाहायला येतात. ‘या व्हिडिओत खांबावर सूर मारणे शिकवलेले नाही’ असे लिहिल्याने निराशा टळते आणि कठीण मैदानावर नवख्या मुलींकडून सूर मारून घेण्याचा धोकाही कमी होतो.

तिसरी पायरी: नियम कोणत्या खेळाचे, हे सांगणे

मूलभूत नियम लिहायचे म्हटले की पुस्तकातील सगळे नियम उतरवून काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. सामन्याची वेळ, डावांची संख्या, राखीव खेळाडू, गुणफलक हे सगळे या व्हिडिओत दिसत नाही, म्हणून ते त्याच्या वर्णनातही येऊ नये. ज्या नियमामुळे सरावातील एखादी कृती बरोबर किंवा चूक ठरते, तेवढाच नियम लिहावा.

या कसोटीने आपल्या व्हिडिओसाठी पाच नियम उरतात. खो पाठीमागून, स्पर्श आणि उच्चार एकाच वेळी करून आणि ऐकू जाईल अशा आवाजात द्यावा. खो मिळाल्याशिवाय बसलेल्या खेळाडूने उठू नये. खो देणाऱ्या खेळाडूने लगेच त्या रिकाम्या झालेल्या चौरसात बसावे. आक्रमक खेळाडूने मधली पाटी ओलांडू नये, आणि एकदा घेतलेली दिशा सोडून मागे फिरू नये; खांबापलीकडील मुक्त क्षेत्रात मात्र दिशेचे बंधन नसते. शेवटचा नियम असा की बसलेल्या खेळाडूची आडवी पाटी ओलांडून पुढे गेल्यावर तिला खो देता येत नाही. हा शेवटचा नियम नवख्या मुलींकडून सर्वाधिक मोडला जातो, कारण वेगात येणारी खेळाडू एक पाऊल पुढे निघून जाते आणि मग हात मागे टाकून खो देते. व्हिडिओत ही चूक दाखवली असेल तर तिची वेळ वर्णनात द्यावी.

नियमांच्या वर ‘९ खेळाडूंच्या प्रचलित खेळाप्रमाणे’ अशी ओळ असलीच पाहिजे. प्रचलित खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ खेळाडू मैदानात असतात, आठ बसलेले आणि एक आक्रमक. परंतु २०२२ मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो स्पर्धेत संघात सात खेळाडू असतात आणि त्यांपैकी ‘वजीर’ या खेळाडूला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा असते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषकही, जो भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला, सात खेळाडूंच्या वेगवान पद्धतीने खेळला गेला. मुलींनी टीव्हीवर आणि मोबाईलवर पाहिलेला खेळ हा आहे. त्यांनी वजिराला मागे वळताना पाहिलेले असते, आणि आपला व्हिडिओ मात्र ‘मागे फिरू नये’ असे सांगतो. कोणत्या पद्धतीचे नियम धरले आहेत हे लिहिलेले नसेल तर पाहणाऱ्याला दोहोंपैकी एक चूक वाटणारच, आणि बहुधा चूक ठरेल ती टीव्हीवर न दिसणारी.

चौथी पायरी: शीर्षक

यूट्यूबवर शीर्षकाची मर्यादा १०० वर्णचिन्हांची आहे. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात, त्यामुळे ‘वर्षांखालील’ हा एकच शब्द ११ चिन्हे खातो. चौकटीच्या खाली दिसणारा आकडा पाहावा, अक्षरे बोटांवर मोजू नयेत. शिवाय मोबाईलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो, म्हणून खेळ आणि सराव आधी, वय त्यानंतर, आणि शाळा, भाग क्रमांक यांसारख्या गोष्टी शीर्षकात नकोतच.

```
खो-खो सराव: खो देणे व खांबाला वळणे | १४ वर्षांखालील मुली
```

फाइलचे नावही याच वेळी नीट ठेवावे, कारण व्हिडिओ चढवताना यूट्यूब फाइलचे नाव आपोआप शीर्षकाच्या चौकटीत टाकते आणि घाईत तेच राहून जाते. मोबाईलने दिलेले आकड्यांचे नाव शीर्षक म्हणून झळकणारे व्हिडिओ याच कारणाने दिसतात. स्वतःच्या संग्रहासाठी `khokho_u14_mulI_kho-dene.mp4` असे न लिहिता सर्व अक्षरे एकाच पद्धतीची ठेवून `khokho_u14_muli_kho-dene.mp4` असे लिहावे. दोन वर्षांनी वीस फाइलींतून हवी ती काढताना याचा उपयोग होतो.

पाचवी पायरी: वर्णन आणि वेळनिहाय विभाग

वर्णनात ५००० चिन्हे बसतात, पण वाचणाऱ्याला प्रथम दिसतात त्या एक-दोन ओळी. बाकीचा मजकूर `...more` दाबल्यावर उघडतो. त्यामुळे सराव, वय आणि नियमपद्धत ही तिन्ही उत्तरे पहिल्या दोन वाक्यांत यावीत. ‘नमस्कार मित्रांनो, माझ्या चॅनेलवर आपले स्वागत आहे’ या वाक्याने ती जागा भरू नये.

वेळनिहाय विभागांचे नियम थोडे पण कडक आहेत. पहिली वेळ `0:00` असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने दिलेल्या असाव्या लागतात आणि प्रत्येक विभाग किमान १० सेकंदांचा असावा लागतो. यांपैकी एक जरी अट मोडली तरी विभाग पडतच नाहीत आणि यूट्यूब त्याचे कारण सांगत नाही. बहुतेक वेळा चूक पहिल्या ओळीत असते: पहिला सराव ३५व्या सेकंदाला सुरू होतो म्हणून यादी तिथूनच सुरू केलेली असते. वेळा लिहिताना इंग्रजी अंक वापरावेत, बाकीचा मजकूर मराठी अंकांत असला तरी चालतो. आपल्या उदाहरणाचे पूर्ण वर्णन असे होईल:

```
१४ वर्षांखालील नवीन मुलींसाठी खो-खोचे चार प्राथमिक सराव.
नियम ९ खेळाडूंच्या प्रचलित खेळाप्रमाणे.

0:00 ओळख: गट, मैदान, साहित्य
0:35 चौरसात बसणे
1:50 चालत खो देणे, ८ बसलेल्या खेळाडू
3:20 धावत खो देणे आणि दिशा घेणे
4:50 खांबाला वळणे
6:05 नेहमी होणारे नियमभंग

गट: १४ वर्षांखालील मुली (किशोरी गट, खो-खो)
पातळी: नवीन खेळाडू. खांबावर सूर मारणे यात नाही.
खेळाडू: ९. बसलेल्या खेळाडूंची तोंडे आलटून-पालटून.
मैदान: काळी माती, पाणी मारून दाबलेली; मापाने लहान.
```

यानंतर एक ओळ सोडून वर सांगितलेले पाच नियम पूर्ण वाक्यांत लिहावेत. प्रत्येक नियमाशेवटी तो व्हिडिओत कुठे दिसतो ती वेळ दिली तर वाचणारा त्या वेळेवर बोट ठेवून थेट तेथे जाऊ शकतो. उदाहरणार्थ, ‘आडवी पाटी ओलांडल्यावर त्या खेळाडूला खो देता येत नाही, पाहा 6:05’ असे लिहावे.

‘चौरसात बसणे’ या विभागात दोन पद्धती दाखवल्या आहेत: दोन्ही पायांचे चवडे एका रेषेत ठेवण्याची समांतर पद्धत आणि एक पाय मागे घेऊन धावपटूच्या सुरुवातीसारखी घेतलेली बुलेट पद्धत. विभागाचे नाव एकच ठेवून या दोन पद्धतींची नावे वर्णनाच्या खालच्या भागात द्यावीत. प्रत्येक लहान कृतीचा वेगळा विभाग पाडण्याचा प्रयत्न केला तर काही विभाग १० सेकंदांपेक्षा लहान होतात आणि सगळी यादीच निकामी होते.

भाषेचाही एक मुद्दा येथे येतो. मैदानावर शिक्षिका मुलींशी अहिराणीतून बोलते, ‘पय, पय’ असे ओरडते, आणि तसे बोलणे मुळीच काढून टाकू नये. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील शाळांत मुले घरी भिली किंवा पावरी बोलतात, तेथील शिक्षकाला अहिराणी सूचना कळतीलच असे नाही. म्हणून व्हिडिओची भाषा म्हणून `Marathi` निवडावे आणि अहिराणीतील सूचनांचा अर्थ हाताने लिहिलेल्या उपशीर्षकांत प्रमाण मराठीत द्यावा. वर्णनात ‘मैदानावरील सूचना अहिराणीत, उपशीर्षके मराठीत’ अशी ओळ पुरते.

सहावी पायरी: टॅग

टॅगवर तासभर घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याची गरज नाही. टॅगचा शोधातील वाटा अगदी थोडा असतो, असे यूट्यूबच स्वतःच्या मदतपृष्ठावर सांगते. ज्या शब्दाचे लेखन लोक वेगवेगळे करतात, तिथे मात्र त्यांचा उपयोग होतो. आपल्या खेळाचे नाव नेमके असेच आहे. कोणी मध्ये आडवी रेघ देतो, कोणी जागा सोडतो, कोणी जोडून लिहितो, आणि अनेकजण इंग्रजी अक्षरांतच शोधतात. सगळे टॅग मिळून ५०० चिन्हांची मर्यादा आहे, पण त्याच्या चौथ्या भागात काम होते:

```
खो-खो, खो खो, खोखो, kho kho, खो-खो सराव, खो देणे,
किशोरी गट खो-खो, kho kho drills marathi
```

येथे ‘कबड्डी’ हा टॅग टाकू नये. तो टाकल्यास काही अधिक लोक येतील, पण त्यांना कबड्डी मिळणार नाही, आणि दिशाभूल करणारा मेटाडेटा यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही.

सातवी पायरी: मुले दिसतात आणि मुलांसाठी, यांतील फरक

व्हिडिओ चढवताना तो मुलांसाठी बनवला आहे का, असे विचारले जाते आणि `Yes, it's made for kids` किंवा `No, it's not made for kids` यांपैकी एक निवडावेच लागते. व्हिडिओत मुली आहेत, शीर्षकात १४ वर्षांखालील असे आहे, म्हणून बरेच शिक्षक पहिला पर्याय निवडतात. प्रश्न मात्र व्हिडिओत कोण दिसते याचा नसून तो प्रामुख्याने कोणासाठी बनवला आहे याचा आहे. सराव कसा घ्यावा हे प्रशिक्षकाला सांगणारा व्हिडिओ प्रौढांसाठी असतो. तोच व्हिडिओ लहान मुलांशी बोलत, त्यांनी घरी करून पाहावा म्हणून बनवला असेल तर पहिला पर्याय योग्य ठरतो. पहिला पर्याय निवडला की प्रतिक्रियांची सोय आणि शेवटी दुसऱ्या व्हिडिओकडे नेणाऱ्या पाट्या बंद होतात, त्यामुळे दुसऱ्या शाळेचा शिक्षक खाली शंका विचारू शकत नाही. हा परिणाम टाळण्यासाठी खोटा पर्याय मात्र निवडू नये. आपण वर्णनात ‘प्रशिक्षक आणि क्रीडाशिक्षकांसाठी’ असे लिहिले आणि आवाजातही त्यांच्याशीच बोललो, तर निवड आणि आशय जुळतात. अल्पवयीन खेळाडू दिसत असल्यामुळे यूट्यूबने स्वतःहून प्रतिक्रिया बंद केल्या, तर ते वेगळे. त्याला मेटाडेटा बदलून उपाय नाही.

मुलींची ओळख पटेल अशी माहिती कोणत्याही चौकटीत लिहू नये. नाव, शाळेचे नाव, गाव आणि सरावाची रोजची वेळ हे चारही एकत्र आले तर एखादी मुलगी कोणत्या वेळी कुठे असते हे कोणालाही कळते. जिल्ह्याचे नाव पुरेसे आहे. `Video location` ही चौकट रिकामी ठेवावी. मोबाईलचा कॅमेरा फाइलमध्येच ठिकाण नोंदवत असेल तर ती सोय चित्रीकरणापूर्वी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद करावी, कारण तीच फाइल नंतर व्हॉट्सॲपवर दस्तऐवज म्हणून पाठवली की ठिकाणाची नोंद तिच्यासोबत जाऊ शकते. पालकांची लेखी संमती चित्रीकरणापूर्वीच घेतलेली असावी.

आठवी पायरी: तपासणी आणि पुढील दुरुस्ती

व्हिडिओ प्रथम `Unlisted` ठेवून चढवावा आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून पाहावा. शीर्षक कुठे कापले जाते, पहिल्या दोन ओळींत काय दिसते, आणि खालच्या पट्टीवर सहा विभाग पडले आहेत का, एवढे तपासावे. त्यानंतर व्हिडिओ न दाखवता केवळ वर्णन एखाद्या सहकारी शिक्षकाला वाचायला द्यावे आणि त्यावरून मुलींना मैदानात बसवायला सांगावे. तो जिथे थांबून प्रश्न विचारेल, तिथे वर्णनात काहीतरी राहिले आहे. आपल्या उदाहरणात तो बहुधा खांबाला वळण्याच्या सरावापाशी थांबेल आणि विचारेल, ‘ताई, खांब कोणत्या हाताने धरायचा? आणि एका वेळी किती मुली पळतात?’ ही दोन उत्तरे घालूनच व्हिडिओ `Public` करावा.

यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही, वर्णन मात्र केव्हाही बदलता येते. याचा अर्थ असा की बदलू शकणारी माहिती, विशेषतः नियम आणि वयोमर्यादा, व्हिडिओवर मोठ्या अक्षरांत छापण्याऐवजी वर्णनात ठेवणे सोयीचे आहे. नियमांच्या खाली ‘नियम तपासले: जून २०२५’ अशी तारीख टाकावी आणि नव्या शालेय वर्षाच्या सुरुवातीला ती पुन्हा पाहावी. यूट्यूबच्या संपादकात व्हिडिओच्या सुरुवातीचा काही भाग कापला तर वर्णनातील वेळा आपोआप सरकत नाहीत. पहिले २० सेकंद कापले असतील तर `0:00` सोडून प्रत्येक ओळीतून २० सेकंद वजा करावे लागतात, आणि नियमांच्या वाक्यांत दिलेल्या वेळाही त्याच वेळी सुधाराव्या लागतात. आपल्या उदाहरणात ‘पाहा 6:05’ हे मग ‘पाहा 5:45’ असे होईल.